बसमधले दोन डबे

श्रोतेहो, नमस्कार. रात्रीच्या बसने मुंबईहून नागपूरला निघालेल्या तुमच्या माणसाची काळजी वाहणारी दोन यंत्रं त्या बसमध्ये असतात. आज त्यांच्याबद्दल बोलतो, कारण ती काय करतात आणि काय करत नाहीत, हे प्रवाशाला कुणी सांगत नाही.

पहिलं वेगनियंत्रक, चालकांच्या भाषेत स्पीड गव्हर्नर. केंद्राच्या नियमानुसार बससाठी ते ताशी 80 किलोमीटरवर बांधलेलं असतं, शाळेच्या बससाठी 60 वर. चाकं किती फिरताहेत हे त्याला गिअरबॉक्सवरच्या सेन्सरकडून कळतं. मर्यादा आली की ते इंजिनाचं इंधन आवरतं. चालकाने ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी पुढे पळत नाही. मात्र ते ब्रेक लावत नाही. त्यामुळे उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने 90 गाठू शकते, आणि गव्हर्नर तेव्हा हतबल असतो. घाट उतरताना चालकाने खालचा गिअर टाकायचा असतो, तो याचसाठी.

दुसरं यंत्र व्हीएलटी, म्हणजे वाहनाचा ठावठिकाणा सांगणारा डबा. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर प्रवासी वाहनांत हा डबा आणि धोक्याचं बटण हवं, ही मागणी जोर धरू लागली. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना ते सक्तीचं झालं. रिक्षा त्यातून वगळल्या आहेत. हा डबा वेग अडवत नाही, तो लिहून ठेवतो: वेळ, अक्षांश-रेखांश, वेग, दिशा, इग्निशन चालू की बंद, गाडीच्या बॅटरीची वायर जोडलेली आहे की काढलेली. गाडी धावत असताना तो दर 5 सेकंदांनी नोंद पाठवू शकतो. 80 च्या वेगात तेवढ्यात बस सुमारे 111 मीटर जाते. जोराचा ब्रेक, झटक्यात घेतलेलं वळण, डबा उघडण्याचा प्रयत्न, यांची वेगळी सूचना जाते.

डोंगरात मोबाइलची रेंज गेली तर? डबा नोंदी स्वतःजवळ साठवतो आणि रेंज आली की पाठवतो. प्रत्येक नोंदीवर खूण असते: थेट आलेलीला L, साठवून मागाहून पाठवलेलीला H. किमान 40,000 नोंदी मावाव्यात असा नियम आहे. दर 5 सेकंदांना एक धरली तर हा 55 तासांचा हिशेब होतो. धोक्याचं बटण दाबलं आणि इंटरनेट नसलं, तर संदेश एसएमएसने जातो.

आता हे दोन्ही डबे एकमेकांवर पडताळून पाहू. समजा, बस समृद्धी महामार्गाने कसाऱ्याकडून इगतपुरीच्या बोगद्यात शिरली. बोगदा जवळपास 8 किलोमीटरचा, आणि या दिशेने चढाचा. आत उपग्रह दिसत नाही, म्हणून नोंदींमधला जागेचा आकडा विश्वासाचा राहत नाही आणि तसं त्या नोंदींतच लिहिलेलं असतं. पण शिरण्याआधीची शेवटची चांगली नोंद 11 वाजून 40 मिनिटांची आहे, आणि बाहेर आल्यावरची पहिली 11:45 ची. 80 च्या वेगाने 6 मिनिटं लागायला हवीत. पाचच लागली, म्हणजे बस चढावर सरासरी ताशी नव्वदीच्या पुढे होती. वजनाने घसरली असं म्हणायला इथे जागा नाही. गव्हर्नर काढलेला आहे, वायर तोडलेली आहे किंवा तो चुकीच्या आकड्यावर बसवलेला आहे. चाकाचा सेन्सर फसवता येतो, पण उपग्रहावरून मोजलेला वेग त्या सेन्सरवर अवलंबून नसतो. म्हणून एखाद्या उतारावरचा 92 पाहून मी चालकाला दोष देणार नाही. सपाटीवर किंवा चढावर मिनिटामागून मिनिट 92 दिसला, तर मात्र गाडी तपासायलाच हवी, आणि तिला रस्त्यावर सोडणाऱ्याला जाब विचारायलाच हवा.

बॅटरीची वायर काढली तरी डब्यातली छोटी बॅटरी त्याला 4 तास चालवू शकते, आणि वीज तोडल्याची सूचना आधीच गेलेली असते. रोज रात्री ठरावीक वेळी वीज तुटल्याची नोंद असेल, तर तो बिघाड नाही, ते जाणूनबुजून केलेलं आहे.

हा डबा स्टिअरिंगवर कोण बसलं होतं, त्याला झोप लागली होती का, हे लिहीत नाही. तिथे बसमालकाच्या ड्युटीच्या नोंदवहीवरच विसंबावं लागतं, आणि ती हाताने भरलेली असते.

प्रवासात वेग जास्त वाटला तर फोनवरच्या नकाशाचा वेग पाहा. तोही उपग्रहावरूनच येतो. गाडीचा नंबर, नेमकी वेळ आणि जवळचा किलोमीटरचा दगड लिहून ठेवा. आरटीओकडे तक्रार करताना "बस फार जोरात होती" एवढंच लिहू नका. त्या वेळेच्या आधी-नंतरच्या दहा मिनिटांच्या व्हीएलटी नोंदी तपासा, अशी मागणी लेखी करा.