बेबी एमचा करार

नमस्कार श्रोतेहो. पैसे घेऊन दुसऱ्या जोडप्यासाठी मूल पोटात वाढवायचं आणि जन्मल्यावर त्यांच्या हाती सोपवायचं, ही व्यावसायिक सरोगसी. हा विषय निघाला की मी बेबी एमचा खटला सांगतेच.

अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य, साल १९८५. एका जोडप्याला मूल हवं होतं. नवरा जीवरसायनशास्त्रज्ञ, बायको बालरोगतज्ज्ञ. मूल वाढवायला तयार झाली ती दोन मुलांची आई, तिचा नवरा कचरा उचलण्याच्या कामावर. तिला मिळणार होते १०,००० डॉलर. करार जुळवणाऱ्या संस्थेला ७,५००. स्त्रीबीजही त्या बाईचंच होतं, हे लक्षात ठेवा.

आता करारातलं कलम ऐका. पाचव्या महिन्याआधी गर्भ आपोआप पडला तर तिला काहीही नाही. त्यानंतर मूल गेलं, मृत जन्मलं, तर १,००० डॉलर. पुन्हा सांगते: पाचव्या महिन्याआधी शून्य. म्हणजे उलट्या तिच्या, धोका तिचा, आणि पैसे फक्त जिवंत बाळाचे. (‘भाड्याचं गर्भाशय’ हा शब्द मला अजिबात सहन होत नाही. घर भाड्यानं देणारा त्या घराबाहेर राहतो. ही बाई नऊ महिने त्या देहातच असते.)

मार्च १९८६ मध्ये मुलगी झाली, हीच बेबी एम. त्या बाईनं बाळ दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन रडत मागून आणलं. मग बाळाला घेऊन ती फ्लोरिडाला पळाली. ८७ दिवसांनी पोलिसांनी बाळ परत नेलं. खालच्या कोर्टानं करार वैध धरला. १९८८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. ताबा त्या जोडप्यातल्या नवऱ्याकडे, म्हणजे बाळाच्या वडिलांकडेच राहिला, पण आई म्हणून तिचा हक्क कायम ठेवला.

मुख्य न्यायाधीश विलेन्ट्झ यांचा एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. बाळ जन्मण्याआधी दिलेली संमती पुरती समजून दिलेली नसतेच, कारण बाळाशी नातं किती घट्ट होईल हे तिला तेव्हा कळलेलं नसतं. आणि गरीब जोडप्यासाठी श्रीमंत बाई सरोगेट होईल, हे त्यांना संभवनीय वाटत नव्हतं.

तरी सरसकट बंदी मला पटत नाही. ‘माझ्या देहाचं मी ठरवीन’ असं म्हणणाऱ्या बाईला ‘तुला कळत नाही’ म्हणणं हाही अपमानच आहे. (बायकांच्या वतीनं ठरवायला सगळे फार उत्सुक असतात.) आज बहुतेक ठिकाणी बीज दुसऱ्याचं असतं, त्यामुळे वादाचं रूप बदललं; पण गर्भ वाढवणारं शरीर तिचंच. न्यू जर्सीनं २०१८ मध्ये अशा सरोगसीला परवानगी दिली, तेव्हा तिचा स्वतंत्र वकील सक्तीचा केला आणि डॉक्टर निवडण्याचा हक्क तिच्याकडे ठेवला.

म्हणून असा कुठलाही करार समोर आला की मी रक्कम नंतर पाहते. आधी शोधते, तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला तर तिच्या हाती काय येणार.