घराचा पत्ता दिसणारा व्हिडिओ: तक्रार कशी लिहावी

आज मी यूट्यूबचं उदाहरण घेऊन बोलणार आहे. व्हिडिओत घराचा पत्ता दिसला की बहुतेक जण व्हिडिओखालचं रिपोर्टचं बटण दाबतात आणि वाट पाहत बसतात. त्रास देण्याच्या हेतूनं पत्ता फोडला असेल तर ते बटण जरूर दाबा, पण स्वतःच्या पत्त्यासाठी प्रायव्हसी तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे. तो शक्यतो ज्याचा पत्ता आहे त्यानंच भरायचा. अल्पवयीन मुलासाठी मात्र पालक भरू शकतात.

तक्रार फेटाळली जाते ती बहुधा मोघमपणामुळे. तपासणाऱ्याला तुमचं घर माहीत नसतं. समजा, बारा मिनिटांच्या व्हिडिओत ३:४१ ला फाटकावरचा घरक्रमांक दिसतो आणि ३:४८ ला रस्त्याच्या नावाची पाटी. यातली एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटते. दोन्ही जोडल्या की पत्ता पूर्ण होतो, आणि हे जोडणं तुम्हीच लिहून दाखवायला हवं: '३:४१ ते ३:४४ घरक्रमांक, ३:४८ ते ३:५० रस्त्याचं नाव, दोन्ही मिळून माझा राहता पत्ता कळतो. तो दाखवायला मी संमती दिलेली नाही.' एवढं पुरतं. माणूस किती वाईट आहे, हे तिथे लिहू नका. त्यात मुद्दा हरवतो.

फॉर्म भरण्याआधी लिंक जपून ठेवा आणि त्या क्षणांचे स्क्रीनशॉट घ्या. वर्णन, कमेंट आणि थंबनेलही तपासा, कारण पत्ता तिथेही असू शकतो. तोच व्हिडिओ दुसऱ्या चॅनेलवर असेल तर ती लिंकही वेगळी द्यावी लागते. कमेंटमध्ये 'हा माझा पत्ता आहे, काढा' असं मात्र लिहू नका. शोधणाऱ्याला आयती खात्री मिळते.

तक्रार ग्राह्य वाटली तर यूट्यूब साधारणपणे व्हिडिओ टाकणाऱ्याला ४८ तास देतं. तेवढ्यात तो व्हिडिओ काढू शकतो, तो भाग कापू शकतो किंवा धूसर करू शकतो. व्हिडिओ नुसता प्रायव्हेट करणं पुरेसं धरलं जात नाही, कारण तो पुन्हा केव्हाही उघडा करता येतो. त्यानं काहीच केलं नाही तर यूट्यूब स्वतः तपासून निर्णय घेतं. त्यात मजकुराचं बातमीमूल्यही पाहिलं जातं. धूसर केल्याचं कळलं की तुम्ही स्वतः ते क्षण पूर्ण पडद्यावर, सर्वात स्पष्ट दर्जात पाहा. कॅमेरा हलताना धूसर चौकोन मागे राहतो आणि एखाद्या चौकटीत आकडा उघडा पडतो. तसं झालं तर त्या सेकंदाचा उल्लेख करून पुन्हा तक्रार करा.

काही जण घाईत कॉपीराइटचा फॉर्म भरतात. तो मार्ग इथे धोक्याचा आहे. व्हिडिओ तुम्ही चित्रित केलेला नसेल तर दावाच खोटा ठरतो, शिवाय त्या तक्रारीतलं तुमचं नाव समोरच्यापर्यंत पोहोचू शकतं. ज्याच्यापासून पत्ता लपवायचा, त्यालाच आपली आणखी माहिती कशाला द्यायची? आणि कुणी घरापर्यंत येण्याची धमकी दिली असेल, तर यूट्यूबच्या उत्तराची वाट न पाहता ते स्क्रीनशॉट घेऊन आधी पोलिसांकडे जा.