ठिपके सोळा, रंग दोन

[दृश्य: वर्गाची फरशी, वरून]

जिल्हा परिषदेच्या शाळेतला चौथीचा वर्ग. फरशीवर वर्तमानपत्राचा कागद पसरलाय, उदबत्तीने भोकं पाडलेला. बाई त्यावर मूठभर रांगोळी टाकतात, तळहाताने सारखी करतात आणि दोन मुली दोन टोकं धरून कागद अलगद उचलतात. खाली ठिपके उमटलेले असतात. पहिल्या ओळीत एक, मग दोन, तीन, चार आणि पुन्हा तीन, दोन, एक.

ही रांगोळी इथल्या बहुतेक मुलींना येते, काही मुलग्यांनाही. त्यामुळे रांगोळी शिकवणं हा आजचा धडा नाही. फळ्यावर बाईंनी दोनच वाक्यं लिहिली आहेत. पहिलं: रांगोळी न काढता तिला किती ठिपके लागतील ते सांगता येईल. दुसरं: आपली रांगोळी कोणत्या रेषेवर दुमडली की रंगांसकट जुळते, ते दाखवता येईल.

शिक्षकांच्या भाषेत या अध्ययन निष्पत्ती. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि इतर विषय एकत्र शिकवा असं सांगितलं, तेव्हापासून असे तास वाढले. पण बऱ्याच ठिकाणी गणिताच्या तक्त्याला नक्षीची किनार काढली की काम झालं, असं मानतात. किनार पुसली तरी गणित तसंच राहतं. मग दोन्ही एकत्र आलं कुठे? फळ्यावरच्या या दोन वाक्यांचं तसं नाही. तास संपल्यावर ती एकेका मुलाला विचारून पडताळता येतात.

[दृश्य: चौकटीची वही, पेन्सिलचं टोक]

आता ठिपके वहीत. चौकटीच्या वहीवर रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्यातला एक कोपरा घ्यायचा, शेजारचा सोडायचा. खालच्या ओळीत उलट: वर सोडला होता तो घ्यायचा. असं केलं की ओळी आपोआप एकमेकींच्या मधोमध येतात. बाईंनी भोकंही अशीच पाडली होती, आधी कागदावर तीन-तीन सेंटिमीटरच्या चौकटी आखून. यात एक खोच आहे, ती पुढे कळेल.

मुलं लहान रांगोळीपासून सुरुवात करतात. मधल्या ओळीत २ ठिपके असतील तर एकूण ४. मधे ३ असतील तर ९. मधे ४ असतील तर १६. बाई हे आकडे एकाखाली एक लिहून विचारतात, “मधे पाच घेतले तर?”

एक मुलगा म्हणतो, “चाराचे नऊ झाले, पाच वाढले. नवाचे सोळा झाले, सात वाढले. आता नऊ वाढणार. पंचवीस.” मागून एक मुलगी म्हणते, “पाच पाचे पंचवीस.” उत्तर एकच, वाटा वेगळ्या. बाई कुणाचीच बाजू घेत नाहीत. विचारतात, “आणि मधे दहा असतील तर?” मुलगा बोटांवर अकरा, तेरा, पंधरा असं चढत जातो. मुलगी लगेच शंभर म्हणते.

“पण दाही दाहीच का? एक, दोन, तीन असे वाढत जाणारे ठिपके, त्यात दहाच्या दहा ओळी दिसतायत कुठे?”

या प्रश्नाला मुलगी गप्प. तिने पाढा ओळखला होता, कारण नाही. आणि इथेच चित्र उपयोगी पडतं. बाई वही हातात घेऊन तिरकी धरतात, टोक खाली होतं ते कोपऱ्यात येईपर्यंत. चार ठिपक्यांच्या चार सरळ ओळी समोर येतात. वर्गातून “अरे!” असा आवाज येतो. तिरका उभा केलेला चौरसच होता तो.

[दृश्य: ठिपके जोडणारे हात, खडू]

ठिपके तिरक्या रेघांनी जोडले की १६ ठिपक्यांत ९ घरं तयार होतात. आता रंग. बाईंची अट अशी की दोनच रंग वापरायचे.

एका मुलीला रांगोळी चारही बाजूंनी सारखी हवी आहे. ती वरच्या टोकाचं घर लाल करते. मग उजवं, डावं आणि खालचं टोक लाल करणं आलंच. टोकांच्या मधली चार घरंही एकाच रंगाची हवीत. उरलं मधलं एक. म्हणजे घरं नऊ, पण तिने घ्यायचे निर्णय फक्त तीन: टोकांचा, मधल्या चारांचा आणि केंद्राचा. दोन रंगांत अशा रांगोळ्या ८ होतात, सगळीकडे एकच रंग असलेल्या दोन धरून.

शेजारच्या मुलाला फक्त डावं-उजवं जुळायला हवं आहे. त्याच्याकडे उभ्या रेषेवरची तीन घरं मोकळी, शिवाय डाव्या-उजव्या जोड्या तीन. एकूण सहा निर्णय. त्याच्यासाठी ६४ शक्यता उघडतात. त्याने खालचं टोक गडद ठेवलं, वरचं फिकं ठेवलं, आणि त्यात त्याला पतंग दिसतोय. दुमडण्याच्या रेषा जास्त म्हणून रांगोळी सुंदर, असं मुळीच नाही. मला तर पतंगच आवडला.

आता ती खोच. एका गटाने ओळींमध्ये एकेक चौकट जास्त सोडली. ठिपके १६च राहिले, नियमही तोच, पण आकृती उंच झाली, शंकरपाळ्यासारखी. कापून दुमडली तर उभ्या आणि आडव्या रेषेवर जुळली. तिरक्या रेषेवर मात्र एक कोपरा बाहेर डोकावू लागला. चौरसाच्या दुमडण्याच्या रेषा चार, हिच्या दोनच. बाईंनी ती खोडायला लावली नाही. फळ्याशेजारी दोन्ही कागद लावले आणि फरक मुलांनाच शोधायला सांगितला.

[दृश्य: बाई आणि एक मूल, बाकाशी]

हा धडा एका तासिकेत बसत नाही. रंगवण्यात वेळ कसा जातो, कळत नाही, आणि मग प्रश्न विचारायचे राहून जातात. म्हणून बाईंनी मोजणी पहिल्या दिवशी ठेवली, रंग दुसऱ्या. शेवटी प्रत्येकाला एक तोंडी प्रश्न: मधे सात असतील तर किती?

एका मुलाची रांगोळी वर्गातली सर्वांत सुबक. तो एकापासून सातापर्यंत बेरीज करत जातो, पुन्हा खाली उतरतो आणि ४९ सांगतो. उत्तर बरोबर आहे. पण बाई वहीत त्याच्या नावापुढे टिंब देतात, कारण नियम त्याच्या हाती अजून आलेला नाही. उद्या त्याच्याबरोबर पुन्हा एकदा वही तिरकी करायची आहे. दुसऱ्या एकीच्या रेघा वाकड्या, रंग बाहेर गेलेले. ती मात्र “सात सत्ते” म्हणते आणि वही फिरवून का तेही दाखवते. फळ्यावरचं पहिलं वाक्य तिच्यापुरतं पूर्ण. सुबकपणाचे गुण इथे नाहीत.

वर्ग सुटताना एक मुलगी विचारते, “बाई, आमच्या आजीची सात ते चार ठिपक्यांची रांगोळी असते. तिलाही हाच नियम?”

चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. बेरीज ३७. कुठल्याच पूर्ण संख्येला तिनेच गुणून ३७ येत नाही. बाई फक्त त्याच घराण्यातल्या लहान रांगोळ्या फळ्यावर मांडतात: १, ७, १९, ३७. कितीने वाढलं ते घरून शोधून आणायचं.