उठता उठता सांगितलेली तक्रार

मधुमेहाचे रुग्ण तपासताना मला एक सवय लागली आहे. तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या, पुढची तारीख ठरली, तरी मी पुढच्या रुग्णाला लगेच हाक मारत नाही. थोडा थांबतो. माणूस खुर्चीतून अर्धा उठलेला असतो, फाइल काखेत असते आणि तेवढ्यात तो म्हणतो, "डॉक्टर, अजून एक होतं... जाऊ दे, पुढच्या वेळी बघू." ते पुढच्या वेळी कधीच निघत नाही. म्हणून मी म्हणतो, "बसा. आत्ताच बघू."

आज अशाच एका गृहस्थांबद्दल बोलणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ५२, मधुमेह नऊ वर्षं, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ८.९, जोडीला रक्तदाब. त्यांची तक्रार होती 'अशक्तपणा'. या शब्दाने त्यांचं एक वर्ष वाया घालवलं. अशक्तपणा म्हटल्यावर त्यांचं हिमोग्लोबिन तपासलं गेलं, थायरॉइड झालं, बी१२ झालं, ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना जे सांगितलं त्याचाच त्यांनी शोध घेतला. त्या दिवशी उठता उठता ते म्हणाले, "घरी... ते जमत नाही." मी विचारलं, "म्हणजे ताठरता येत नाही, की इच्छाच होत नाही?" ते चक्क हसले. म्हणाले, "इच्छा आहे हो. तोच तर त्रास आहे."

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारतो, कारण 'जमत नाही' या दोन शब्दांत निदान चार वेगळ्या तक्रारी लपतात. इच्छाच कमी होणं ही एक. इच्छा असून ताठरता न येणं किंवा न टिकणं ही दुसरी. तिसरी वीर्यपतनाची: मधुमेहात कधी कधी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू वेळेवर मिटत नाही, मग वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. सुख मिळतं पण बाहेर काहीच येत नाही, आणि नंतरची लघवी गढूळ दिसते. त्याने अपाय होत नाही, पण मूल हवं असेल तर अडचण होते. चौथी तक्रार दुखण्याची, तिच्याकडे शेवटी येतो. या चारींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

आमच्या गृहस्थांची तक्रार दुसऱ्या प्रकारची होती. ती समजायला ताठरता येते कशी, हे पाहावं लागेल. शिश्नात स्पंजासारख्या दोन लांबट पोकळ्या असतात. एरवी त्यांच्या भिंतींतले बारीक स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे आत रक्त बेताचंच जातं. मनात इच्छा जागली किंवा स्पर्श झाला की कण्याच्या खालच्या भागातून निघालेल्या नसा निरोप आणतात. त्या नसांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. तो त्या स्नायूंना सैल करतो, रक्त भरतं, आणि फुगलेल्या पोकळ्यांच्या दाबाने बाहेर जाणाऱ्या शिरा चेपल्या जाऊन रक्त आत अडतं. लोकांना वाटतं ताठरतेला जोर लागतो. लागतं ते सैल पडणं.

मधुमेह या साखळीत दोन ठिकाणी घाव घालतो. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड पुरेसा सुटत नाही. दुसरीकडे निरोप आणणाऱ्या नसाच दुबळ्या होतात. पायाला मुंग्या आणणारा नसांचा आजार इथेही पोचतो. आमच्या गृहस्थांच्या तळपायांना ट्यूनिंग फोर्कची थरथर कळत नव्हती, तेव्हाच मला अंदाज आला. याशिवाय वजन जास्त असलेल्या मधुमेही पुरुषांत टेस्टोस्टेरॉन बऱ्याचदा कमी असतं, पण त्याचा फटका ताठरतेपेक्षा इच्छेला जास्त बसतो.

आणि मग मनाचा भाग. एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी माणूस आपल्याच परीक्षेला बसतो. भीतीने ॲड्रिनॅलिन वाढतं, आणि ॲड्रिनॅलिनचं कामच त्या स्नायूंना आवळायचं. म्हणून 'शरीराचं आहे की मनाचं' हा वाद मला फारसा पटत नाही. मधुमेहात सुरुवात शरीराकडून होते आणि काही महिन्यांत मन त्यात भर घालतं. तरी एक खूण उपयोगी पडते. अचानक सुरू झालं, पहाटे झोपेतून उठताना ताठरता नीट येते, फक्त जोडीदारासोबत येत नाही, असं असेल तर मनाचा वाटा मोठा. हळूहळू वाढत गेलं आणि पहाटेचीही थांबली, तर रक्तवाहिन्या आणि नसा. आमच्या गृहस्थांना दोन वर्षांत हळूहळू झालं होतं आणि पहाटेची ताठरता कधी थांबली हे आठवत नव्हतं.

मग मी विचारलं, जिना चढताना दम लागतो का? छातीत दडपतं का? ते जरा वैतागले. "मी कशासाठी आलोय आणि तुम्ही काय विचारताय?" कारण असं की शिश्नाच्या धमन्या साधारण एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. एकाच आजाराने दोन्ही खराब होत असतील तर बारीक नळी आधी कुरकुरते. ताठरता गेल्यावर दोन ते पाच वर्षांनी हृदयविकाराची लक्षणं दिसलेले रुग्ण आमच्या क्षेत्रात नवे नाहीत. म्हणून त्यांच्या हृदयाची ताणचाचणी केली, ती ठीक आली. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र सुरू केली, ती खरं तर आधीच हवी होती.

मग गोळ्यांची पिशवी उघडली. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड. दोन्ही ताठरतेला त्रास देऊ शकतात. काही नैराश्याच्या गोळ्याही देतात. दोन्ही बदलल्या. अशा गोळ्या मनाने बंद करू नका. रक्तदाब उसळला तर त्याच रक्तवाहिन्यांचं आणखी नुकसान होतं. टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासलं. एका तपासणीवर निर्णय घ्यायचा नसतो, कारण दुपारपर्यंत ते उतरतं. त्यांचं ठीक होतं, म्हणून इंजेक्शनचा प्रश्न आला नाही.

पिशवीच्या तळाशी एक पाकीट निघालं. सिल्डेनाफिल. "मित्राने दिली होती. काही उपयोग नाही तिचा." कशी घेतली होती? पोटभर जेवून, लगेच, आणि मग दिवा मालवून वाट बघत पडून. ही गोळी ताठरता 'आणत' नाही. नायट्रिक ऑक्साइडने स्नायू सैल करणारा जो पदार्थ तयार होतो, तो लवकर मोडू नये एवढंच ती बघते. इच्छा आणि स्पर्श नसेल तर तो पदार्थच तयार होत नाही, मग ती राखणार काय? तेलकट जेवणावर घेतली तर ती उशिरा आणि कमी चढते. हलक्या पोटी, तासभर आधी, घाई न करता घ्यायची. आणि एक-दोन प्रयत्नांत निकाल लावायचा नाही, सहा-आठ वेळा नीट घेऊन पाहायची.

१९९८ साली हे औषध बाजारात आलं आणि त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचं काम करतो या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. योगायोग छान आहे, पण मधुमेहात औषधाची मर्यादाही लक्षात ठेवा. मधुमेही पुरुषांवरच्या १९९९च्या एका चाचणीत सिल्डेनाफिल घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के पुरुषांना फरक जाणवला, नकली गोळीवर १० टक्क्यांना. म्हणजे बरेच जण उरले. नसच निरोप आणत नसेल तर गोळीला धरायला काही नसतं. त्यांच्यासाठी व्हॅक्यूम पंप आहे, शिश्नात घ्यायचं इंजेक्शन आहे, शेवटी शस्त्रक्रियाही आहे.

एक इशारा मात्र ठणकावून देतो. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेत असाल, म्हणजे जिभेखाली ठेवायची गोळी किंवा रोजची सॉर्बिट्रेट, तर ही औषधं अजिबात नाहीत. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक खाली जातो. आणि उलटही: सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तासांत किंवा तिच्याच जातीची टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तासांत छातीत दुखलं, तर दवाखान्यात लाज सोडून पहिल्यांदा ते सांगा. 'संपूर्ण वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलं आहे, तेव्हा तीही सांगा. ताठरता चार तासांनंतरही उतरत नसेल तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचं.

आमच्या गृहस्थांना सिल्डेनाफिलची मात्रा ५० वरून १०० मिलिग्रॅमवर न्यावी लागली. सहा महिन्यांत एचबीए१सी ७.२ झालं. आठ प्रयत्नांपैकी पाच जमले, असं त्यांनी वहीत लिहून आणलं होतं. साखर उतरली म्हणून नसा पूर्ववत होत नाहीत, पुढची पडझड मंदावते. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून ते पाचावर खूश होते. त्यांच्या पत्नीचा इतके दिवस समज होता की यांचं मन आपल्यावरून उडालं. तो गैरसमज एका संध्याकाळी बोलून मिटला, त्याला गोळी लागली नाही.

आता एका भगिनीची चिठ्ठी आली आहे: 'बायकांचं काय?' प्रश्न रास्त आहे. मधुमेहात स्त्रियांना योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी आग किंवा दुखणं, उत्तेजना उशिरा येणं असे त्रास होतात. अभ्यास पुरुषांवर जास्त झाले, स्त्रियांना विचारलंच कमी गेलं. आग आणि खाज असेल तर आधी बुरशीचा संसर्ग बघायचा. साखर जास्त असताना तो वारंवार होतो, आणि लघवीतून साखर काढणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवरही होतो. पुरुषांतही याच कारणाने शिश्नाच्या पुढच्या कातडीला चिरा पडून ती मागे सरेनाशी होते. संसर्ग नसेल तर पाण्याचं वंगण वापरून पाहावं, आणि पाळी गेलेली असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमाबद्दल डॉक्टरांना विचारावं.

दुसरी चिठ्ठी: 'डॉक्टरांना नेमकं म्हणायचं काय?' आत गेल्यावर पहिलंच वाक्य हे म्हणा: "मला मधुमेह आहे आणि दोन वर्षांपासून संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही." मग हळूहळू झालं की अचानक, पहाटे येते का, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, मित्राने दिलेलीसुद्धा. तोंडातून निघत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकवा. मी असे घडी घातलेले कागद पुष्कळ वाचलेत. डॉक्टर "वयाप्रमाणे होतं" म्हणून पुढे सरकले तर विचारा, "मग मला कुणाकडे पाठवाल?" मूत्ररोगतज्ज्ञ हे त्याचं रास्त उत्तर.

आणि तपासणीला मुलगा किंवा मुलगी सोबत येते, म्हणून बोलता येत नाही, असं शेवटच्या चिठ्ठीत आहे. त्यावर साधी युक्ती सांगतो. नाव नोंदवतानाच सांगून ठेवा, "मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकट्याला बोलायचंय." बाकीच्यांना बाहेर बसवायचं काम मग आमचं. रक्तदाब मोजायच्या निमित्ताने मी हे रोज करतो.