कार्डाचा फ्रॉड, मेलचा स्पॅम आणि एफ-वनचा घोळ

(पडद्यावर आकड्यांच्या रांगा, भराभर खाली सरकतायत)

सप्टेंबर २०१३. युरोपातले कार्डधारक, दोन दिवसांची खरेदी. एकूण ट्रान्झॅक्शन्स २,८४,८०७ आणि त्यातले फ्रॉड किती, तर फक्त ४९२. ब्रसेल्सच्या एका विद्यापीठातल्या रिसर्च ग्रुपमुळे हा डेटा सगळ्यांसाठी खुला झाला, आणि फ्रॉड पकडायचं मॉडेल शिकणारे बरेच जण यावरच हात बसवतात.

आता गंमत बघा. डोळे मिटून "सगळं बरोबर आहे" म्हणणारं मॉडेल केलं तरी त्याची अ‍ॅक्युरसी म्हणजे बरोबर उत्तरांचं प्रमाण ९९.८ टक्के येतं, आणि पकडलेले फ्रॉड शून्य! म्हणून अ‍ॅक्युरसी बाजूला ठेवायची आणि दोन वेगळे प्रश्न विचारायचे. मॉडेलने ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यातले खरंच चोर किती, हे झालं प्रिसिजन. आणि जेवढे चोर होते त्यातले हाती किती लागले, हा रिकॉल.

(पडद्यावर एक सरकपट्टी, उजवीकडून डावीकडे येतेय)

मॉडेल प्रत्येक ट्रान्झॅक्शनला संशयाचा स्कोअर देतं आणि कितीच्या वर गेला की फ्लॅग करायचं ते आपण ठरवतो, तो थ्रेशोल्ड. समजा कडक ठेवला. ५०० फ्लॅग झाले, त्यातले ४०० खरे फ्रॉड. प्रिसिजन ८० टक्के, रिकॉल ८१. आता तोच सैल करा, फ्लॅग होतात २०००, फ्रॉड सापडतात ४५०. रिकॉल चढून ९१ झाला पण प्रिसिजन धाडकन साडेबावीसवर.

दोन्हीचा मिळून एकच आकडा हवा म्हणून लोक एफ-वन काढतात, म्हणजे या दोघांचा हार्मोनिक मीन. साधी सरासरी का नाही? कारण सरसकट सगळ्यांनाच चोर ठरवलं तर रिकॉल १०० टक्के, प्रिसिजन ०.१७ टक्के, आणि साधी सरासरी म्हणते पन्नास टक्के, म्हणजे चक्क पास! हार्मोनिक मीन लहान आकड्याकडे ओढला जातो, तो इथे ०.३४ टक्के देतो. जाताना साठच्या स्पीडने गेलात आणि येताना ट्रॅफिकमुळे वीसने आलात तर सरासरी चाळीस नाही पडत, तीसच पडते, तोच हिशोब.

```
F1 = 2 × P × R / (P + R)
```

कडक थ्रेशोल्डचा एफ-वन ०.८१, म्हणजे ८१ टक्के, आणि सैलचा ०.३६. मग कडकच घ्यायचा ना?

थांबा, पैशात मोजू. सैल केल्यावर ५० फ्रॉड जास्त सापडले. या डेटात एका फ्रॉडची सरासरी रक्कम १२२च्या आसपास आहे, यूरो धरू, म्हणजे साधारण ६१०० वाचले. त्या बदल्यात १४५० चांगल्या गिऱ्हाइकांना उगाच "हे तुम्हीच केलं का" असं विचारावं लागलं. एका मेसेज-फोनचा खर्च ३ यूरो धरला तर ४३५०. म्हणजे एफ-वनने ज्याला नापास केलं तोच फायद्याचा! अर्थात तोच खर्च सव्वाचारच्या वर गेला, किंवा वैतागून लोक कार्डच वापरेनासे झाले, की गणित उलटतं. तरी साधारणपणे फ्रॉडमध्ये रिकॉलकडे झुकायचं, कारण खोटा अलार्म एका मेसेजवर मिटतो, गेलेले पैसे तसे परत येत नाहीत.

(पडद्यावर इनबॉक्स)

स्पॅमचं बरोबर उलटं. समजा हजार मेल, त्यात ४०० स्पॅम. एक फिल्टर घाबरट, ३०० बाजूला काढतो आणि त्यात चांगला मेल एकच. दुसरा धडाकेबाज, ४१० काढतो, त्यातले ३९० स्पॅम, म्हणजे वीस चांगले मेलही आत गेले. एफ-वन पहिल्याला ०.८५ देतो, दुसऱ्याला ०.९६. पण त्या विसात इंटरव्ह्यूचं बोलावणं असेल तर? पहिल्यात १०१ स्पॅम इनबॉक्समध्ये शिरतात, मान्य, वैताग आहे, पण डिलीट करायला एक सेकंद लागतो. मी डोळे झाकून पहिला घेईन.

प्रोग्रामर पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये स्वतःच्या फिल्टरबद्दल लिहिलं तेव्हा त्यांनीही हाच कल मुद्दाम घातला होता, चांगल्या मेलमधल्या शब्दांची मोजणी दुप्पट धरायची, म्हणजे फिल्टर चांगल्या मेलवर सहजासहजी हात टाकत नाही.

एफ-वनचा घोळ इथेच आहे, तो दोन्ही चुका एकाच भावाने विकतो. एफ-टू नावाचा भाऊ आहे, तो रिकॉलला जास्त वजन देतो, पण वरच्या फ्रॉडच्या उदाहरणात तोही कडक थ्रेशोल्डच निवडतो, ०.८१ विरुद्ध ०.५७. त्यातलं रिकॉलचं वजन दोनवरून पाचपर्यंत नेलं की जेमतेम सैलकडे कलतो. म्हणून चुकीची किंमत आधी विचारा, फॉर्म्युला मग.

(पडद्यावर स्पॅम फोल्डर, कर्सर लुकलुकतोय)

आणि एक अडचण मोजण्यातच आहे. निसटलेला फ्रॉड गिऱ्हाइकाने स्टेटमेंट बघून तक्रार केली की कळतो, कधी कधी महिन्याने, तोवर रिकॉलचा आकडा खोटाच चांगला दिसतो. स्पॅममध्ये अडकलेला चांगला मेल तर फोल्डर उघडल्याशिवाय कळतच नाही, आणि जीमेल त्या फोल्डरमधला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकतं.