दुष्काळाची जिरवा: घोषवाक्यातली भरती कशी काढावी

घोषवाक्य आटोपशीर करताना त्यातलं यमक आणि शब्दांचा खेळ कसा सांभाळायचा, हा आजचा विषय. पद्धत सांगतो असं मी संयोजकांना कबूल केलं आहे. पण पद्धतीआधी एक उदाहरण सांगू द्या. ते माझ्या मनात बरेच दिवस खदखदतं आहे.

एका जलसंधारण मोहिमेसाठी घोषवाक्यं मागवली होती. निवड समितीत मीही होतो. कोणती समिती, कुठली, ते विचारू नका. त्यातले दोघे अजून मला लग्नाला बोलावतात. एका स्पर्धकाचं घोषवाक्य असं होतं:

‘थेंब थेंब हा पाण्याचा शिवारात या जिरवू या, दुष्काळाची मस्ती सारी मिळुनी आपण जिरवू या.’

या माणसाच्या हाती सोनं लागलं होतं, हे आधी कबूल करू. पाणी जमिनीत जिरवायचं आणि दुष्काळाचीही जिरवायची! क्रियापद एकच, अर्थ दोन, आणि नेमकं दोन्ही चरणांच्या शेवटी. काटेकोर बोलायचं तर याला श्लेष म्हणू नये. शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देतो तेव्हा श्लेष, दोनदा येऊन दर वेळी वेगळा अर्थ देतो तेव्हा यमक. ‘वाचाल तर वाचाल’ हेही त्याच हिशेबाने यमक. आपण मात्र ‘बाग’ आणि ‘वाघ’ जुळले तरी यमकच म्हणतो, असो. सांगायचं ते हे की इथे यमक आणि कोटी एकाच खुंटीवर टांगलेली आहेत, आणि ती खुंटी म्हणजे ‘जिरवू’. बाकी सगळं हलवता येईल, हा शब्द नाही.

आता भरती, म्हणजे उगाच कोंबलेले शब्द, बघा. ‘थेंब थेंब हा’ यातला ‘हा’ कुठला? कोणीही बोट दाखवलेलं नाही. ‘शिवारात या’ मधला ‘या’ नुसता मात्रा भरायला आला आहे, आणि पुढे ‘जिरवू या’ मध्ये पुन्हा ‘या’ आहेच. ‘मिळुनी’ हे रूप आपल्यापैकी कोण घरात बोलतं? आणि ‘आपण’ कशाला, ‘जिरवू या’ म्हटलं की त्यात आपण आलोच ना! मोजून पाहिलं तर चौदा, चौदा, सोळा, चौदा मात्रा भरतात. म्हणजे बिचाऱ्याने मात्रांसाठी शब्द कोंबले आणि तरी एक तुकडा सुटलाच.

मी सुचवलं, भरती काढा: ‘थेंब थेंब शिवारात जिरवू, दुष्काळाची मस्ती जिरवू’. दोन्हीकडे सोळा मात्रा, एकही शब्द उपरा नाही. समितीला आवडलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण चहा यायचा होता आणि वेळ होता.

एक सदस्य म्हणाले, यात आवाहन नाही. म्हणून सुरुवातीला ‘चला’ आलं. दुसरे म्हणाले, संकल्प दिसत नाही. मग शेवटी ‘करू या निर्धार’ आलं. निर्धार आला की मागोमाग ‘आधार’ येतोच, त्याला बोलवावं लागत नाही. तेव्हा ‘चला सारे करू या निर्धार, पाणी जिरवून देऊ शेतीला आधार’ असं तयार झालं. यात दुष्काळ गेला, त्याची मस्ती गेली, कोटी तर ठारच झाली. उरला तो निर्धार. हे वाक्य वृक्षारोपणाला लावा, ‘पाणी जिरवून’ च्या जागी ‘झाडे लावून’ घाला, बसतंय. पल्स पोलिओलाही बसेल, फक्त शेती काढा. कुठल्याही मोहिमेला बसणारं वाक्य आपल्या मोहिमेचं नसतं, असं मी म्हटलं. त्यावर मला ‘तुम्ही कवी लोक’ असं ऐकावं लागलं. मी कवी नाही. मी मात्रा मोजतो, एवढंच.

मात्र माझी खरी तक्रार या बदलाबद्दल नाही. मी आणखी एक पाऊल पुढे गेलो होतो: ‘थेंब थेंब जिरवा, दुष्काळाची जिरवा.’ कारण मराठीत आपण ‘त्याची चांगली जिरवली’ म्हणतो, काय जिरवली ते सांगत नाही. ते न सांगण्यातच मजा आहे. यावर व्याकरणाचे जाणकार असलेले सदस्य म्हणाले, ‘दुष्काळाची काय जिरवा? कर्म कुठे आहे?’ आणि त्यांनी दुरुस्ती केली: ‘दुष्काळाला जिरवा’. म्हणजे दुष्काळ जमिनीत मुरवा! एक ‘ची’ जाऊन ‘ला’ आला आणि आपण गावाला दुष्काळाचं पुनर्भरण करायला सांगू लागलो. (इथे तुम्ही हसलात, ते हसले नव्हते.) वाक्प्रचारातलं स्त्रीलिंग, गाळलेलं कर्म, हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं असतं. व्याकरण पुरं करायला गेलात की वाक्प्रचार संपतो.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, मग पद्धत पटकन सांगतो.

पहिल्यांदा कोटीचा शब्द शोधा आणि त्याचं रूप, प्रत्ययासकट, कुलूप लावून ठेवा. तो चरणाच्या शेवटी नसेल तर शेवटी आणा. कापाकापी नेहमी सुरुवातीकडून करा. ‘चला’, ‘आपण’, ‘सारे’, ‘हा’, ‘हे’ हे तिथेच सापडतात.

मग एकेक शब्द झाकून वाचा. झाकल्यावर ऐकणारा ‘काय?’ म्हणत नसेल तर तो शब्द भरतीचा. ‘आपुल्या’, ‘मिळुनी’, यमकासाठी जमिनीची झालेली ‘धरा’, आणि ‘लावू या झाडे’ असा विनाकारण उलटा क्रम, हे सगळं संशयितांत धरा.

तिसरं, मात्रा मोजा, पण तोंडानेही म्हणा. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ आठ आणि आठ. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ आठ आणि आठ. ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ तेही आठ आणि आठ. गंमत म्हणजे यांत यमक जेमतेमच आहे. ‘अडवा’ आणि ‘जिरवा’ यांत फक्त ‘वा’ जुळतो, पण सारखी लांबी आणि पुन्हा आलेलं ‘पाणी’ सांभाळून घेतात. माझं ‘थेंब थेंब जिरवा’ कागदावर दहा मात्रांचं आहे आणि पुढचा तुकडा बारा. पण घोषणा देताना ‘थेंब’ मधला ‘ब’ अर्धा होतो आणि ‘थें’ लांबतो, त्यामुळे तोल जात नाही. हे कागदावर कळत नाही, मिरवणुकीत कळतं. एकाने पहिला तुकडा म्हणावा, बाकीच्यांनी दुसरा. लोक अडखळले तर दोष तुमच्या वाक्याचा.

शेवटचा प्रश्न मघाशी कोणीतरी विचारला होता, भरती काढल्यावर यमकच तुटलं तर? आधी यमकाचं क्रियापद तसंच ठेवून त्याच्या आधीचा शब्द बदलून पाहा. ‘वेगाला तू आवर रे, जिवाला तू सावर रे’ यातून ‘तू’ आणि ‘रे’ काढले की ‘जीव सावर’ उघडं पडतं. आपण जीव सावरत नाही, तोल सावरतो. म्हणून ‘वेग आवरा, तोल सावरा’. पुन्हा आठ आणि आठ, दुचाकीस्वारासाठी नेमकं, आणि अरेतुरेही गेलं. तरीही जमत नसेल तर यमक सोडून द्या. बाबा आढावांच्या चळवळीतलं ‘एक गाव, एक पाणवठा’ घ्या. यमक नाही, कोटी नाही, मात्रा सहा आणि नऊ. त्यात ‘चला करू या’ घालून बघा बरं. अध्यक्ष उठले आहेत, थांबतो.