आजोबांची पावसाची वही

ही वही आमच्या आजोबांची. गुहागर तालुक्यातलं घर, खळ्याच्या कोपऱ्यात पर्जन्यमापक, आणि १९५८ ते १९८१ अशी २४ वर्षं महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहिलेला. डाव्या पानावर वर्ष आणि जानेवारी ते जून, उजव्या पानावर जुलै ते डिसेंबर आणि शेवटी एकूण. म्हणजे जून बरोब्बर शिवणीत गेलाय. कोकणातला पाऊस जिथे सुरू होतो तोच महिना नेमका अंधारात!

मी आधी काय केलं, तर पडवीत वही पसरली आणि मोबाइलने दोन्ही पानांचा एकच फोटो काढला. मधे काळा पट्टा. मग एडिटिंगमध्ये तो भाग उजळवत बसलो, पण नुसती सावली असली तरच उजळते हो, जिथे कॅमेऱ्यात काही आलंच नाही तिथे कितीही ओढा, राखाडी चिखलच मिळतो. आणि ते डाग पुसणारं टूल इथे अजिबात वापरू नका, ते आजूबाजूचा कागद उचलून चिकटवतं, त्याखाली आकडा होता का नव्हता ते कायमचं जातं.

त्या फोटोत अजून एक गंमत दिसते बघा. वरच्या ओळी शिवणीकडे जाताना खाली वाकतात, खालच्या ओळी वर वाकतात, मधली तेवढी सरळ. कारण पान शिवणीत खोल जातं, कॅमेऱ्यापासून लांब होतं, म्हणून सगळं मध्याकडे गोळा होतं.

काकी म्हणाली, "अरे, एवढी उताणी कशाला पाडतोस वही, शिवण उसवेल ना!" तिचं बरोबर होतं. मग वही काटकोनापेक्षा थोडीशीच जास्त उघडली, पुठ्ठ्याला मागून पाट लावला, आणि एकेका पानाचा वेगळा फोटो काढला, मोबाइल त्या पानाला समांतर धरून. खिडकी वहीच्या डोक्याकडे ठेवली, म्हणजे उजेड शिवणीच्या लांबीने आत जातो. बाजूने उजेड आला की एका पानाची सावली दुसऱ्यावर पडतेच.

आता जोडायचं. दोन्ही फोटो सरळ केले, आणि आखणीच्या वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत मोजलं, डावीकडे १७६० पिक्सेल, उजवीकडे १८३०. उजवा फोटो जरा जवळून निघाला होता. म्हणून तो ९६.२ टक्क्यांवर आणला, वरची रेघ वरच्या रेघेला लावली, दोघांची उंची सारखी कापली आणि ImageMagick या प्रोग्रॅमने शेजारी शेजारी जोडले, असे

```
magick dave.png ujave.png +append jod.png
```

मधे पांढरी फट राहिली तर राहू दे. कागद कागदाला भिडायला हवा असं काही नाही, ओळ ओळीला लागली पाहिजे.

आणि लागली की! रेघ न् रेघ जुळली, मी खूश. मग आकडे एक्सेलमध्ये घातले, A मध्ये वर्ष, B ते M बारा महिने, N मध्ये वहीतलं एकूण, आणि प्रत्येक ओळीपुढे बेरीज तपासायला हे, म्हणजे १९६६ च्या ओळीला

```
=SUM(B10:M10)-N10
```

शून्य आलं की ओळ बरोबर. १९५८ ते १९६५ सगळी शून्यं. १९६६ पासून खाली एकही नाही.

एखाद्याच ओळीत फरक आला असता तर म्हटलं असतं आकडा चुकीचा वाचला, पण एका ठिकाणापासून पुढे सगळंच बिघडलं म्हणजे ओळ सरकलीय. परत फोटो बघितला. उजव्या पानावर १९६५ नंतर एका अख्ख्या ओळीत आजोबांनी लिहिलंय, "माप गळत होते, नवे आणले." डाव्या पानावर मात्र ओळ सोडलेली नाही. म्हणजे चित्र अगदी व्यवस्थित जोडलं होतं आणि तक्ता चुकलेला होता, प्रत्येक वर्षाच्या जूनला आदल्या वर्षाचा जुलै लागत होता. चित्र तसंच ठेवलं, एक्सेलमध्ये तेवढी उजवी बाजू एक घर वर घेतली.

मग राहिले थोडे. १९७० च्या जूनचा शेवटचा अंक शिवणीत पार गेलाय, दिसतं फक्त ६८. एकूण २९८७. मे १८, जुलै १११२, ऑगस्ट ६८४, सप्टेंबर ३९१, ऑक्टोबर ९६, बाकी कोरडे, मिळून २३०१. वजा केले की ६८६, दिसणाऱ्या ६८ शी जुळतंय. तो ६ वेगळ्या रंगात लिहिला, कारण तो वाचलेला नाही, काढलेला आहे.

१९७४ ला बरोब्बर १०० चा फरक येतो, आकडे सगळे स्वच्छ दिसतायत. आजोबांचाच हातचा राहिलेला दिसतोय. ते एकूण त्यांनी लिहिलंय तसंच ठेवलं, शेजारी आमची बेरीज लिहिली. आणि १९७९ चं एकूण वाळवीने खाल्लंय, जूनही अर्धाच दिसतो, त्यामुळे वजा कशातून करणार, ते घर रिकामं सोडलंय.